‘सर्व अटी उभयपक्षी मान्य’, पण कोणत्या?

तालुक्याच्या गावात घर बांधायला काढले की काम बहुतेक वेळा मजुरीवर दिले जाते. सिमेंट, वाळू, विटा, लोखंड मालकाने आणायचे आणि ठेकेदाराने आपले गवंडी, सेंटरिंगवाले, बिगारी लावून घर उभे करायचे. बोलणी ओट्यावर चहा पिताना होतात. मग कोणीतरी म्हणते, ‘एक करारनामा करून ठेवा, बरे असते.’ दोघे तहसील कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडे जातात आणि अर्ध्या तासात कागद तयार होतो.

त्या कागदात काय असते? लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावे, वय, पत्ता, आधार क्रमांक. जागेचा गट नंबर आणि चतुःसीमा. पुढे एक वाक्य: सदर घराचे बांधकाम ठेकेदार यांनी करून देण्याचे ठरले असून सर्व अटी व शर्ती उभयपक्षी मान्य आहेत. शेवटी, राजीखुशीने व अक्कलहुशारीने करारनामा लिहून दिला असे. खाली सह्या आणि दोन साक्षीदार.

मान्य असलेल्या त्या अटी कोणत्या, हे कागदात कुठेच नसते. कोणते काम, कोणत्या मापाने, किती पैसे, कधी द्यायचे, किती दिवसांत संपवायचे, यातले एकही उत्तर तिथे सापडत नाही. तरीही कागद झाला म्हणून दोघेही निश्चिंत होतात. असा करार लिहून देण्याची वेळ पुष्कळ सुशिक्षित माणसांवर येते. शेजारी येतो, ‘माझा आणि अमक्याचा एक करार लिहून द्या’ एवढेच सांगतो आणि बाकी तुमच्यावर सोपवतो. अशा वेळी काय करावे, हे या एका घराच्या उदाहरणावरून पाहू.

मोकळी जागा कायदा किती भरतो?

आपल्याकडे करारांना १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो. कागदावर एखादी गोष्ट लिहायची राहिली म्हणून हा कायदा सगळा करार मोडीत काढत नाही. काही मोकळ्या जागा तो स्वतः भरतो, काही भरत नाही. करार लिहिणाऱ्याला हा फरक माहीत हवा.

मुदत लिहिली नसेल तर कलम ४६ मदतीला येते. काम वाजवी वेळेत पूर्ण करावे, असे ते सांगते. वाजवी वेळ म्हणजे किती, हा मात्र त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न ठरतो. म्हणजे मालकाने सहा महिने म्हणायचे, ठेकेदाराने पावसाळा धरून एक वर्ष म्हणायचे आणि दोघांनी आपापले साक्षीदार आणायचे.

मोबदला लिहिला नसेल तर कलम ७० चा आधार मिळू शकतो. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. यावरचा प्रसिद्ध निकाल पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या खटल्यातला आहे. या ठेकेदार संस्थेने १९४४ मध्ये आरामबाग येथे नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामे आणि इतर बांधकामे केली. सरकारशी करार ज्या रीतसर पद्धतीने व्हायला हवा होता तसा तो झालेला नव्हता, म्हणून सरकारने पैसे देण्यास नकार दिला. साठच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला. सरकारने बांधकाम स्वीकारून वापरले होते, त्यामुळे करार वैध नसला तरी भरपाई देणे भाग होते. हा आधार मोठा आहे, पण काम १९४४ मध्ये झाले आणि शेवटचा शब्द साठच्या दशकात मिळाला, हेही लक्षात ठेवावे.

मोबदला देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर मजुरीच्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे असते. ‘देईन सवडीने’ या शब्दावर चार वर्षे थांबलेला ठेकेदार बहुधा दाव्याचा हक्क गमावून बसतो.

कायदा कुठे हात टेकतो, ते कलम २९ मध्ये आहे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. या कलमाखालची उदाहरणे मजेशीर वाटावीत इतकी साधी आहेत. एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचे कबूल केले, पण कोणते तेल हे कळायला काहीच मार्ग नाही; असा करार टिकत नाही. तोच विक्रेता केवळ खोबरेल तेलाचा व्यापारी असेल तर मात्र करार टिकतो, कारण त्याच्या धंद्यावरून तेल कोणते ते समजते. पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना विकण्याचा करार टिकत नाही, कारण दोन किमतींपैकी कोणती हे ठरवता येत नाही. तांदळाची किंमत तिसरा माणूस ठरवेल असे लिहिले असेल तर तो करार टिकतो.

करार लिहिणाऱ्याला यातून एक व्यवहारी सूत्र मिळते. प्रत्येक आकडा आजच ठरलेला असलाच पाहिजे असे नाही. पण तो ठरवायची रीत कागदात असलीच पाहिजे. ‘वाढीव कामाचा दर नंतर पाहू’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘वाढीव कामाचा दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या त्या वेळच्या दरसूचीप्रमाणे राहील’ हे वाक्य टिकते, कारण आकडा आज माहीत नसला तरी उद्या शोधता येतो.

मनाने भरू नका

करार लिहिताना सगळ्यात मोठा धोका वेगळाच असतो. समोरच्याने काही सांगितलेले नसते, म्हणून लिहिणारा आपल्या अंदाजाने किंवा जुन्या नमुन्यातून आकडे घालतो. ‘मुदत अकरा महिने’ हे शब्द घरभाड्याच्या करारातून उचलून बांधकामाच्या करारात आलेले दिसतात. सही करणारे वाचत नाहीत, किंवा ‘नमुन्यातच आहे’ म्हणून सोडून देतात.

असे केल्याने नुकसान होते, कारण लिहिलेल्या अटीविरुद्ध तोंडी पुरावा देण्यास पुरावा कायदा सहसा परवानगी देत नाही. कागद ज्या बाबतीत गप्प आहे आणि जी गोष्ट कागदाशी विसंगत नाही, त्या बाबतीतले तोंडी बोलणे काही मर्यादेत सिद्ध करता येते. म्हणजे रिकाम्या जागेत तोंडी बोलण्याला थोडीतरी वाट असते, पण चुकीचा आकडा छापला की तीही बंद होते. म्हणून जे माहीत नाही तिथे रेघ मारून जागा कोरी ठेवावी, दोघांना समोरासमोर बसवून विचारावे आणि त्यांच्या तोंडून आलेलेच लिहावे. कोरी रेघ असलेल्या कच्च्या मसुद्यावर सही मात्र घेऊ नये.

विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. लोक आधी पैशांवर येतात. खरे तर आधी काम, मग माप, मग पैसे, मग मुदत आणि शेवटी काम मध्येच सुटले तर काय, असा क्रम धरला की पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावर उभा राहतो.

काम आणि माप

समजा मालक शिक्षक आहेत आणि घर तळमजल्याचे आहे. बाहेरून बाहेर ३६ फूट लांब आणि २५ फूट रुंद, म्हणजे ९०० चौरस फूट. बोलणी झाली ती एवढीच: ‘साडेतीनशेने करून देतो.’ दर चौरस फुटाला ३५० रुपये. मालकांनी मनात हिशोब केला, ९०० गुणिले ३५०, तीन लाख पंधरा हजार.

ठेकेदार मात्र स्लॅबच्या मापाने बिल करतो. त्याच्या धंद्यात तीच रीत आहे आणि त्यात लबाडी नाही, कारण सेंटरिंग आणि लोखंड बांधण्याची मजुरी त्याला सगळ्या स्लॅबवर द्यावी लागते. स्लॅब चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेला आहे. म्हणजे लांबी ४० फूट, रुंदी २९ फूट आणि क्षेत्रफळ ११६० चौरस फूट. याच दराने बिल होते चार लाख सहा हजार. दर एकच, घर एकच, दोघेही प्रामाणिक आणि फरक ९१ हजार रुपयांचा. हा फरक कळतो तो स्लॅब पडल्यावर, जेव्हा दोघांनाही मागे फिरता येत नाही.

म्हणून दराच्या आधी माप लिहावे. आमच्या उदाहरणात वाक्य असे होईल: ‘मोजमाप जोत्यावरील भिंतींच्या बाहेरील बाजूने धरले जाईल. स्लॅबचा भिंतीबाहेरील भाग व छज्जे यांचे वेगळे मोजमाप धरले जाणार नाही.’ ठेकेदाराला हे परवडत नसेल तर तो तिथेच दर वाढवून मागेल. त्यात वाईट काही नाही. वाद करारापूर्वी झाला तर तो बोलणीचा भाग असतो, स्लॅबनंतर झाला तर भांडण होते.

त्याच दरात काय काय येते, हा कामाचा प्रश्न. पाया खोदणे मजुरीत आहे की जेसीबी मालकाचा? जिना, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा ओटा, फरशी, बाहेरचा गिलावा, सेप्टिक टँक, हे त्या साडेतीनशेत आहे का? सेंटरिंगच्या प्लेटा आणि परांचीचे बांबू कोणी आणायचे? बांधकामावर पाणी कोणी मारायचे? यातली प्रत्येक बाब ‘दरात समाविष्ट’ आणि ‘दरात नाही’ अशा दोन याद्यांत टाकावी. मंजूर नकाशाची प्रत सहीनिशी जोडली की निम्मे काम होते. तिसरी यादी लागते ती वाढीव कामाची: मालकाने सांगितलेले जास्तीचे काम सुरू करण्यापूर्वी त्याचा दर मोबाइलवर लेखी संदेशाने ठरवायचा आणि समोरच्याने ‘मान्य’ असे उत्तर द्यायचे. असे संदेश जपून ठेवले तर रीतसर प्रमाणपत्रासह न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतात.

पैसे कोणत्या टप्प्यावर

एकूण रक्कम ठरली तरी ती कधी द्यायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ठेकेदाराला दर आठवड्याच्या बाजाराला मजुरांना पैसे द्यावे लागतात, म्हणून तो उचल मागतो. मालक देत जातात. तीन महिन्यांनी असे दिसते की पैसे सत्तर टक्के गेले आणि काम निम्मेच झाले. त्या दिवसापासून ठेकेदाराला या कामात रस उरत नाही, कारण उरलेल्या पैशांपेक्षा उरलेले काम जास्त असते. उलटही घडते: स्लॅब झाला, मालकांनी पैसे अडवले आणि ठेकेदाराने कर्ज काढून मजूर सांभाळले.

उपाय असा की पैसे तारखेला न बांधता डोळ्यांनी दिसणाऱ्या टप्प्याला बांधावेत. तीन लाख पंधरा हजारांची वाटणी अशी करता येईल. जोते पूर्ण झाल्यावर २० टक्के, म्हणजे ६३ हजार. विटकाम लिंटेलपर्यंत आल्यावर १५ टक्के, ४७,२५०. स्लॅब टाकल्यावर २५ टक्के, ७८,७५०. आतला-बाहेरचा गिलावा झाल्यावर २० टक्के, पुन्हा ६३ हजार. फरशी आणि किरकोळ कामे संपल्यावर १५ टक्के, ४७,२५०. राहिलेले ५ टक्के, १५,७५० रुपये, पहिला पावसाळा गेल्यावर, गळती आणि तडे पाहून. सुरुवातीला उचल दिलीच तर ती पहिल्या टप्प्यातून वळती होईल, असे लिहावे. टप्पा पूर्ण झाल्यापासून किती दिवसांत पैसे द्यायचे, हेही लिहावे. सात दिवस पुरेसे आहेत. आठवड्याची मजुरी द्यायची असेल तर ती त्या टप्प्याच्या रकमेपुढे जाणार नाही, ही मर्यादा घालावी.

मुदत आणि उशीर

‘सहा महिन्यांत’ असे नुसते लिहिले तर प्रश्न येतो, कधीपासून? करार झाला तो दिवस, आखणी झाली तो, की पहिली सिमेंटची गाडी आली तो? आखणीचा दिवस धरावा आणि त्या दिवशी दोघांनी तारखेवर सही करावी.

मुदत ठरवताना कामाचा स्वभाव पाळावा लागतो. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान चौदा दिवस ठेवायला सांगितले आहे. सहा मीटरहून लांब तुळईखालचे एकवीस दिवस. काँक्रीट ओले ठेवण्याचे दिवस वेगळे. उशिराच्या भीतीने ठेकेदाराने टेकू लवकर काढावेत अशी मुदत कोणीही लिहू नये.

मजुरीच्या करारात माल मालकाचा असतो. सिमेंट वेळेवर आले नाही, लोखंड संपले, तर मजूर बसून राहतात. त्यामुळे मालकाकडून झालेला उशीर मुदतीत धरला जाणार नाही, हे वाक्य ठेकेदाराच्या बाजूने घालणे न्यायाचे आहे. त्याला जोडून ठेकेदाराने माल लागण्याच्या चार दिवस आधी मागणी कळवावी, हे मालकाच्या बाजूने.

उशिराचा दंड लिहिताना लोक जोरात येतात: ‘दर दिवशी पाच हजार.’ साठ दिवसांचा उशीर झाला तर दंड तीन लाख होईल, जवळजवळ सगळ्या मजुरीएवढा. करार कायद्याचे कलम ७४ सांगते की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाईच देते. म्हणून दंड खऱ्या तोट्याशी जोडावा. शिक्षक सध्या महिना साडेसात हजार भाड्याने राहत असतील तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचा तोटा अडीचशे रुपये. तोच आकडा लिहावा, कारण लिहूनही दिला आहे आणि समजावून सांगताही येतो.

काम मध्येच सुटले तर

स्लॅब पडल्यावर ठेकेदार दुसऱ्या गावच्या मोठ्या कामावर जातो आणि फोन उचलत नाही, ही सर्वात नेहमीची तक्रार. करार गप्प असेल तर मालकांना नवा ठेकेदार आणता येईल का, जुन्याला किती द्यायचे, हे कळत नाही. नवा ठेकेदारही अर्धवट कामात हात घालायला कचरतो.

यासाठी चार ओळी पुरतात. ‘सयुक्तिक कारणाशिवाय काम सलग दहा दिवस बंद राहिल्यास मालक लेखी कळवतील. त्यानंतर सात दिवसांत काम सुरू न झाल्यास दोघांना मान्य असलेल्या अभियंत्याकडून झालेल्या कामाचे मोजमाप केले जाईल. ठेकेदार मोजमापास हजर न राहिल्यास ते त्याच्या गैरहजेरीत होईल. टप्प्यांच्या टक्केवारीप्रमाणे हिशोब पूर्ण करून मालकांना उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेता येईल.’ असाच हक्क ठेकेदारालाही द्यावा: टप्प्याचे पैसे ठरल्या मुदतीत आले नाहीत तर लेखी कळवून त्याला काम थांबवता येईल आणि ते दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत. अभियंत्याचे नाव करारातच लिहावे. वाद झाल्यावर दोघांना मान्य होणारा माणूस सापडत नाही.

सहीपूर्वीची परीक्षा

मसुदा तयार झाला की तो दुसऱ्या गावच्या एखाद्या मिस्त्रीला द्यावा, ज्याला या बोलणीतले काही ठाऊक नाही. त्याला तीन प्रश्न विचारावेत. लिंटेलपर्यंत काम झाले तर आजवर एकूण किती पैसे द्यायचे? गच्चीचा कठडा मजुरीत आहे का? आज काम सोडले तर हिशोब कसा होईल? फक्त कागद वाचून त्याला उत्तरे देता आली, पहिल्या प्रश्नाला तो १,१०,२५० म्हणाला, तर करार पूर्ण झाला. त्याला ‘ते त्यांच्यात ठरले असेल’ असे म्हणावे लागले, तर नेमकी तीच अट लिहायची राहिली आहे.

मुद्रांकाबद्दल एवढे लक्षात ठेवावे की ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर रुपयांच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू झाला आहे आणि बांधकामाच्या ठेक्यावरील शुल्क रकमेप्रमाणे वाढू शकते. नेमके किती ते मुद्रांक कार्यालयात विचारून घ्यावे. शुल्क कमी भरलेला कागद फरक आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही. नोटरीचा शिक्का मुद्रांकाची जागा घेत नाही आणि न लिहिलेल्या अटीही भरून काढत नाही. रक्कम मोठी असेल किंवा जागेच्या मालकीचा प्रश्न असेल तर मसुदा वकिलांना दाखवावा.

कोणी तुम्हाला दोन नावे सांगून करार लिहायला सांगितला, तर लेखणी उचलण्याआधी दोघांना एकत्र बसवा आणि काम, माप, पैसे, मुदत, काम सुटल्यास काय, हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारा. ज्याचे उत्तर आज मिळत नाही त्याची ठरवण्याची रीत लिहा. ‘सर्व अटी उभयपक्षी मान्य’ हे वाक्य त्यानंतरच, अटींच्या खाली लिहा.